आकार माहीत नसताना चेबिशेव्हनं नमुना किती घ्यायचा: १२०० टॉवेलांचा हिशोब

प्रश्न: सर, आमचा अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, चार लूम. १२०० टॉवेलच्या लॉटचं सरासरी वजन ५ ग्रॅमच्या आत, ९५ टक्के खात्रीनं पार्टीला लिहून द्यायचंय. वजनांचा आलेख कसा येतो ते कुणालाच माहीत नाही, चारही लूमचा माल एकत्र होतो. एकानं ६२ टॉवेल मोजा म्हटलं, दुसऱ्यानं चेबिशेव्ह लावून ३२० सांगितले. नक्की किती मोजू?

उत्तर:

तुम्हाला दोन आकडे सांगणाऱ्या दोघांनीही एक गोष्ट न विचारता गृहीत धरलीय. टॉवेलच्या वजनाचं प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, २० ग्रॅम आहे असं मानलं तरच हे आकडे येतात. तुमच्या प्रश्नात तो २० कुठेच नाही. त्यामुळे ६२ की ३२० हा वाद जरा बाजूला ठेवू. आधी हे २० आले कुठून ते बघायला हवं. माझ्या हिशोबानं तुमचं काम १६० टॉवेलांत होतं, पण त्यासाठी घडीच्या टेबलावर एक बदल करावा लागेल. तिथवर सावकाश जाऊ.

चेबिशेव्हची असमता सरासरीला लावली की हे मिळतं:

```
P(|x̄ − μ| ≥ ε) ≤ σ² / (n ε²)
n ≥ σ² / (δ ε²)
```

n म्हणजे मोजायचे टॉवेल. μ ही पूर्ण लॉटची खरी सरासरी आणि x̄ ही तुम्ही मोजलेल्या टॉवेलांची. ε ही चालणारी चूक, तुमच्याकडे ५ ग्रॅम. δ म्हणजे अंदाज फसण्याची जास्तीत जास्त शक्यता, तुमच्याकडे ०.०५. सिग्मा २० धरला तर ४०० भागिले १.२५, म्हणजे ३२०. घंटेच्या आकाराचा नॉर्मल आलेख मानला तर ०.०५ नं भागण्याऐवजी १.९६ च्या वर्गानं गुणायचं. १६ गुणिले ३.८४, म्हणजे ६१.५, वर धरून ६२. दोन्हींत सव्वापाच पटीचा फरक आहे आणि आकाराबद्दल काहीही न मानण्याची ही किंमत. (असमतेला चेबिशेव्हचं नाव आहे, त्याचा लेख १८६७ चा. पण बिएनेमेनं ती १८५३ मध्येच मांडली होती. नाव कुणाला मिळतं ते नशीब.)

आकार लागत नाही याचं कारण साधं आहे. सरासरीचा व्हेरियन्स, म्हणजे तिच्या प्रमाण विचलनाचा वर्ग, σ²/n असतो, मग आलेख एका शिखराचा असो, चार शिखरांचा असो की तिरपा. आणि एखाद्या राशीचा व्हेरियन्स ठरलेला असला की ती मध्यापासून फार दूर फार वेळा जाऊच शकत नाही. गेली तर त्या लांबच्या अंतरांचे वर्गच व्हेरियन्स फुगवतील. असमता एवढंच सांगते. म्हणून "वितरणाबद्दल काहीच माहीत नाही" हे वाक्य चेबिशेव्हला चालतं, पण "सिग्माबद्दलही काही माहीत नाही" हे चालत नाही. सिग्माला वरची हद्द नसेल तर कोणताही n पुरत नाही.

६२ वर का विसंबू नये

नॉर्मलवाल्यांचं म्हणणं असतं की साठ-सत्तर नग झाले की सरासरी आपोआप घंटेच्या आकारात येते. बऱ्याचदा येतेही. कधी येत नाही ते तुमच्याच मालात दाखवतो.

टॉवेल सलग विणले जातात आणि मग आडवे कापले जातात. समजा एखादा काप राहून जातो आणि दोन टॉवेल जोडलेलेच घडीत जातात, ४५० ऐवजी ९०० ग्रॅम. असं ५०० नगांत एकदा होतं आणि बाकी सगळे बरोब्बर ४५० चे आहेत असं धरा. याचा सिग्मा काढलात तर २०.१ येतो, म्हणजे आपल्या २० च्या अगदी जवळ. खरी सरासरी ४५०.९. आता ६२ नग उचला. त्यात एक जरी जोड आला तर नमुन्याची सरासरी ४५७.३ होते, चूक ६.४ ग्रॅम, म्हणजे ५ च्या बाहेर. एकही जोड न येण्याची शक्यता ०.९९८ चा ६२ वा घात, म्हणजे ८८.३ टक्के. तेव्हा ६२ नगांचा अंदाज ११.७ टक्के वेळा फसतो. कागदावर तुम्ही ५ टक्के लिहून दिलेले आहेत.

त्याच मालात ३२० नग घेतले तर चूक ५ ग्रॅमच्या वर जायला त्यात किमान पाच जोड यावे लागतील. ते दहा हजारांत पाच-सहा वेळा होईल. म्हणजे चेबिशेव्ह खोटं बोलत नाही, पण तुमच्याकडून गरजेपेक्षा जास्त काम करून घेतो. हे त्याच्या स्वभावातच आहे. ही असमता एका नगासाठी अगदी काटेकोर बसवता येते, पण शेकडो नगांच्या सरासरीवर ती ढगळ होते.

खात्री वाढवायला गेलात तर हा ढगळपणा फारच महाग पडतो. ९५ ऐवजी ९९ टक्के हवे असतील तर नॉर्मल ६२ वरून १०७ वर जातो आणि चेबिशेव्ह ३२० वरून थेट १६०० वर. δ सरळ छेदात बसलाय, त्याला काय करणार. पार्टी ९९ मागत नसेल तर आपण होऊन देऊ नका.

सिग्मा कुठून आणायचा

इथेच माझा एकदा पाय घसरलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टॉवेलवाल्याकडे असंच काम होतं. मी बारा टॉवेल मोजले, सिग्मा काढला, सहाच ग्रॅम आला. ३६ भागिले १.२५ म्हणजे २८.८. एकोणतीस टॉवेलांत चेबिशेव्हची खात्री! मालक खूश, मी त्याहून खूश. पुढे पार्टीनं पूर्ण लॉट तोलला तेव्हा माझी सरासरी ११ ग्रॅमनं चुकलेली निघाली.

मागे जाऊन बघितलं तेव्हा कळलं की ते बाराही टॉवेल एकाच गठ्ठ्याच्या वरच्या थरातले होते. एकाच लूमचे, एकाच पाळीत, एकामागून एक निघालेले. नंतरचे २९ सुद्धा हाताला लागतील तसे दोन गठ्ठ्यांतून काढलेले. त्या लूमचा आपल्यापुरता फरक सहा ग्रॅम खराच होता. पण शेजारच्या लूमचा पाईलचा ताण वेगळा लावलेला होता, फासे जरा उंच पडत होते आणि त्याचा प्रत्येक टॉवेल पंधरा-वीस ग्रॅमनं जड निघत होता. तो फरक माझ्या बारा नगांत आलाच नाही. असमता बरोबर होती, तिला मी दिलेला सिग्मा चुकीचा होता.

त्यानंतर एक गोष्ट मी पाळतो. आकाराबद्दल काही मानायचं नसेल तर छोट्या नमुन्याचं प्रमाण विचलन ही सिग्माची हद्द म्हणून वापरायचं नाही. वरचंच जोडटॉवेलचं उदाहरण घ्या. तिथं बारा नग मोजले तर ९८ टक्के वेळा सगळे ४५० चेच निघतील आणि सिग्मा शून्य येईल. शून्य सिग्मा, म्हणजे एकही टॉवेल मोजायची गरज नाही! छोट्या नमुन्यावरून सिग्मा काढणाराही नकळत आकार मानतोच, फक्त त्याला ते दिसत नाही.

मग पक्की हद्द कुठून मिळवायची? वजनाच्या टोकांवरून. कोणताही टॉवेल a पेक्षा हलका नाही आणि b पेक्षा जड नाही एवढं जर ठाम माहीत असेल, तर सिग्मा (b − a)/2 च्या वर जाऊच शकत नाही. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे निम्मा माल एका टोकाला आणि निम्मा दुसऱ्या टोकाला. तेव्हा प्रत्येक नग मध्यापासून बरोबर अर्ध्या पल्ल्यावर असतो. यापेक्षा जास्त पसरायला जागाच नाही.

"ठाम माहीत" हा शब्द मात्र जपून वापरा. जॉबर म्हणतो "चारशेच्या खाली जात नाही साहेब", ती माहिती झाली, हद्द नव्हे. हद्द काटा देतो. घडीच्या टेबलावर ज्या काट्याला वरची-खालची मर्यादा लावता येते आणि लाल-हिरवा दिवा लागतो, त्यावरून प्रत्येक टॉवेल गेला असेल तरच ती हद्द. असा काटा तुमच्याकडे असेल असं धरतो. नसेल तर आधी तो आणा, सांख्यिकी नंतर. (वजन आपोआप नोंदवणारा काटा असेल तर हा सगळा लेख सोडून द्या. १२०० वजनांची बेरीज करा आणि जेवायला जा.)

काट्यावर ४०० ते ५०० लावलंत तर जोडटॉवेल तिथेच अडकतात आणि सिग्मा जास्तीत जास्त ५० राहतो. आता गणित: २५०० भागिले १.२५, म्हणजे २०००. लॉट १२०० चा आणि मोजायचे २०००! इथे लोक चेबिशेव्हला हात जोडतात.

लॉट मोजका आहे हे विसरू नका

दोन हजार येण्याचं कारण असं की वरचं सूत्र न संपणाऱ्या मालासाठी आहे. तुमचा लॉट १२०० वर संपतो आणि एकदा मोजलेला टॉवेल तुम्ही परत ढिगात टाकत नाही. अशा वेळी सरासरीचा व्हेरियन्स (N − n)/(N − 1) या पटीनं कमी होतो, N म्हणजे लॉटमधले एकूण टॉवेल. सगळे मोजले की शून्य, जसा व्हायला हवा तसा. ही सुधारणा चेबिशेव्हला पूर्णपणे चालते, कारण त्याला फक्त सरासरीचा व्हेरियन्स लागतो. एक्सेलमध्ये B1 ला सिग्मा, B2 ला ε, B3 ला δ आणि B4 ला लॉट लिहा:

```
B5: =B1^2/(B3*B2^2)
B6: =ROUNDUP(B4*B5/(B4-1+B5),0)
```

सिग्मा ५०, लॉट १२०० टाकलंत की B6 मध्ये ७५१ येतात. २० टाकलात तर ३२० चे २५३ होतात.

पल्ला ठाऊक असला की होफडिंगची असमता वापरा असंही कुणी सुचवेल. करून बघितलं, १०० ग्रॅमच्या पल्ल्याला ७३८ येतात. न संपणाऱ्या मालात ९९ टक्क्यांवर ती चेबिशेव्हपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, पण तुमच्या ९५ वर, चेबिशेव्हला लॉटची सुधारणा लावल्यावर, तेरा टॉवेलांचा फरक. त्यासाठी नवीन सूत्र शिकायला नको.

७५१ ही अजूनही चेष्टाच आहे. पण ती कशामुळे आहे ते आता दिसतं. आकार अज्ञात आहे म्हणून नाही, पल्ला १०० ग्रॅमचा आहे म्हणून. पल्ला निम्मा करा, सिग्मा निम्मा होतो आणि n (लॉटची सुधारणा सोडली तर) चौथाईवर येतो. आकार शोधत बसण्यापेक्षा पल्ला आखडण्यात सगळा फायदा आहे.

लूम वेगळे ठेवा

तुमचा पल्ला १०० का आहे? कारण चार लूमचा माल एका ढिगात येतो आणि चौघांना सामावून घ्यायला काटा सैल लावावा लागतो. एकेका लूमचा माल सहसा बराच घट्ट असतो. म्हणून घडीपर्यंत लूमचा माल वेगळा येऊ द्या. गठ्ठ्याला रंगीत सुतळी बांधली तरी पुरे. काट्यावर लूमप्रमाणे ३० ग्रॅमची खिडकी लावा. एकाला ४२५ ते ४५५, दुसऱ्याला ४४० ते ४७०, जसा ज्याचा मध्य असेल तसं. खिडकी कुठे आहे यानं n बदलत नाही, ती किती रुंद आहे यानं बदलतो.

खिडकीबाहेर पडलेले पण आधीच्या ४००-५०० मध्ये बसणारे टॉवेल चांगलेच आहेत, ते लॉटमध्येच राहतात. त्यांना गुपचूप वगळायचं नाही, वगळलेत तर सरासरी भलत्याच मालाची येईल. ते बाजूला काढा आणि सगळेच्या सगळे मोजा. पंधरा-वीस निघतील. पूर्ण मोजलेल्या गटाचा व्हेरियन्स शून्य, त्यामुळे गणितात तो त्रास देत नाही. दीडशे निघाले तर मात्र खिडकी चुकीच्या जागी लागलीय किंवा लूम बिघडलाय. आधी जॉबरला बोलवा.

आता एका लूमचा सिग्मा जास्तीत जास्त १५. प्रत्येकी ३०० टॉवेल आणि प्रत्येकातून m उचलले, तर एकूण सरासरीचा व्हेरियन्स असा:

```
(1/4) × (225/m) × (300 − m)/299 ≤ 0.05 × 25 = 1.25
m ≥ 67500/1720 = 39.2
```

म्हणजे प्रत्येक लूमचे ४०, एकूण १६०. खिडकीबाहेरचे काढल्यामुळे गट तीनशेहून थोडे लहान झाले तरी ४० सुरक्षितच राहतात. कुठेही नॉर्मल मानलेलं नाही, सिग्मा अंदाजानं घेतलेला नाही, आणि लूम-लूममधला फरक कितीही असला तरी चालतो. तो फरक आता नमुन्याच्या नशिबावर अवलंबून नाही, कारण चौघांचाही वाटा आपण आधीच ठरवला.

पार्टीला फक्त "कमी तर नाही ना" एवढंच बघायचं असेल तर एकाच बाजूची असमता लावता येते, पण फार आशा धरू नका. तिच्यात २० पटीच्या जागी १९ पट येते, म्हणजे शंभरात पाच टॉवेल वाचले. नॉर्मलमध्ये एकबाजूनं बरीच बचत होते, म्हणून लोक इथेही तीच अपेक्षा ठेवतात.

टॉवेल काढताना

व्हेरियन्स n नं भागला जातो तो नग खरोखर सोडतीनं निवडले तरच. वरच्या थरातले दहा घेतलेत तर ते दहा नग नसतात, फार तर दोन-तीन नगांइतकी माहिती असते. ३०० टॉवेल म्हणजे २५ डझन. डझनांना १ ते २५ क्रमांक द्या, डझनातल्या जागेला वरून १ ते १२, आणि एक्सेलमध्ये

```
=RANDBETWEEN(1,300)
```

नं ४० वेगवेगळे आकडे काढा, पुन्हा आलेला टाकून द्या. १३७ आला तर बाराव्या डझनातला वरून पाचवा. तो तळाला दबलेला असला तरी तोच काढायचा. शेजारचा घेणाऱ्या माणसाशी माझं दर वेळी भांडण होतं.

किती मोजायचे ते आधी ठरवा आणि तेवढे मोजा. नव्वदाव्या टॉवेलला सरासरी मनासारखी दिसली म्हणून थांबलात तर ही ९५ टक्के खात्री लागू होत नाही.

समजा चार लूमच्या सरासऱ्या ४३८.२, ४५२.६, ४४७.१ आणि ४६१.३ आल्या. गट सारखे असतील तर सरळ सरासरी ४४९.८. गट कमी-जास्त असतील, किंवा बाजूला काढलेला पाचवा गट असेल, तर प्रत्येक सरासरीला त्या गटाच्या नगांनी गुणून बेरजेला १२०० नं भागा. मग तुम्ही लिहू शकता: ४४९.८, कमी-जास्त ५ ग्रॅम, किमान ९५ टक्के खात्री.

आता ज्यापुढे हे सगळं गणित हतबल आहे ती गोष्ट. चेबिशेव्ह नमुन्याच्या योगायोगाची जबाबदारी घेतो, काट्याची आणि हवेची घेत नाही. कापसाला व्यापारात ८.५ टक्के ओलावा धरतात, कोरड्या वजनावर. त्या हिशोबानं ४५० ग्रॅमच्या टॉवेलात सुका कापूस ४१४.७ ग्रॅम. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी शेडमध्ये हवा इतकी सुकी असते की हाच ओलावा ५ टक्क्यांवर आला असं धरा. तोच टॉवेल ४३५.५ भरेल. साडेचौदा ग्रॅम गेले, आपल्या ५ ग्रॅमच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही सगळ्या १२०० टॉवेलांत एकाच दिशेनं. १६० ऐवजी सगळे मोजले तरी ही चूक तशीच राहणार.

म्हणून मोजताना चार लूमचे एकेक टॉवेल लगेच बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवा. तिथं १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून त्या दिवशीचा ओलावा काढून घ्या. तुमची सरासरी १ अधिक तो ओलावा यानं भागा, १.०८५ नं गुणा आणि पार्टीला तो आकडा द्या. ±५ लाही हाच गुणक लागतो, त्यानं ते पाचाचे ५.२ होतील. पार्टीला पाचच्या वर अजिबात चालत नसेल तर ε सुरुवातीलाच ४.८ धरा. मग प्रत्येक लूममागे ४० ऐवजी ४३ टॉवेल लागतात.